दलालाचे गोड गाणे

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही एकदा इंग्रजी गाणे लावले. रँडी न्यूमन या गोऱ्या अमेरिकन गायकाचे, 1972 सालचे ‘सेल अवे’. संथ पियानो, मागे व्हायोलिनांचा मोठा ताफा, चर्चमधल्या प्रार्थनेसारखी चाल. गाणे संपल्यावर एक पोरगा म्हणाला, "छान आहे. अमेरिकेला चला म्हणतोय." त्याचे काही चुकले नव्हते. शब्द तेवढेच सांगतात.

गाणारा माणूस आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उभा आहे आणि तिथल्या लोकांना जहाजात बोलावतो आहे. तिकडे पोटभर खायला मिळेल, वाघ-सिंहांचे भय नाही, दिवसभर येशूची गाणी गा, तिकडे सगळे स्वतंत्र. गुलाम हा शब्द अख्ख्या गाण्यात एकदाही येत नाही. साखळी नाही, चाबूक नाही.

मग संशय येतो कुठून? आम्ही पुन्हा लावले आणि थांबत थांबत ऐकले. तो ऐकणाऱ्याला लहान पोरासारखे चुचकारतो. सुखाची उपमा देताना झाडावरचे माकड आणतो. आमिष म्हणून कलिंगड दाखवतो. अमेरिकेत काळ्या माणसाची टिंगल याच फळावरून होत आली आहे. घरसंसार सांभाळण्याचे वचन देतो, आणि तिकडच्या लिलावात आई एका मालकाला, लेकरू दुसऱ्याला विकले जात होते. शेवटी जहाज कुठे लागणार? चार्ल्सटनला. उत्तर अमेरिकेत गुलाम उतरवण्याचे ते सर्वांत मोठे बंदर. हे नाव ज्याला ठाऊक आहे, त्याला तीच गोड चाल आता ऐकवत नाही. ज्याला ठाऊक नाही, त्याला ती सहलीची जाहिरात वाटते.

हीच या गाण्याची मर्यादा, असे आमचे मत. आपले जलसे शोषकाचे नाव घेऊन गातात, कारण समोर बसलेल्याला कुणी इतिहास शिकवलेलाच नव्हता. तिथे आडून बोलणे परवडत नाही. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना अर्पण केली, तीही आडवळणाने नव्हे.

पण बाबासाहेबांचा एक मुद्दा या गाण्याने आम्हाला नव्याने कळला. उघड गुलामीत माणसाला आपण गुलाम आहोत हे माहीत असते. अस्पृश्यता ही आडून लादलेली गुलामी, ती गुलामाला त्याची जाणीवच होऊ देत नाही, म्हणून अधिक वाईट, असे त्यांनी मांडले आहे. दलाल नेमकी तीच जाणीव झोपवतो आहे. ‘तुम्ही तर आमच्या घरातलेच’ म्हणत चहाचा कप वेगळा ठेवणारा आवाज आपण ऐकलेला आहे.

1975 साली रे चार्ल्स या काळ्या गायकाने हेच गाणे गायले. तेही आम्ही लावले. ज्याच्या पूर्वजांना गुलाम करून नेले, त्याच्याच तोंडी दलालाचे बोलणे. या वेळी तो पोरगा काही बोलला नाही. नंतर एवढेच विचारले, "किनाऱ्यावरचे लोक काय म्हणाले?" गाण्यात त्यांना एक ओळही नाही.