दुकानाबाहेरचा फळा

सोलापुरातल्या आमच्या मेडिकल दुकानाबाहेर एक काळा फळा आहे. अप्पांनी दुकान काढलं तेव्हापासूनचा. मला लिहिता यायला लागलं, तशी दर मार्चपासून त्या फळ्यावर लिहायची पाळी माझी. तेव्हाचा मजकूर ठरलेला असायचा: घामोळ्यांची पावडर, ग्लुकोज, कॅलामाइन लोशन. कॅलामाइनची गुलाबी बाटली हलवून घ्यावी लागे, नाहीतर वर पाणी आणि खाली माती. एवढंच काय ते आमचं उन्हाळी सौंदर्यशास्त्र.

बी.फार्म. होऊन काउंटरला बसले, तोवर सनस्क्रीनच्या ट्यूबा आल्या होत्या. पहिल्याच उन्हाळ्यात मी झोकात लिहिलं: ‘सनस्क्रीन लावा, ऊन लागणार नाही!’ अप्पा चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले, ओल्या फडक्यानं ओळ पुसली आणि म्हणाले, “ऊन लागणं म्हणजे काय, ते तुझ्या आज्जीला विचार.”

खरंच होतं. आपल्याकडे ऊन ‘लागतं’ म्हणजे माणूस चक्कर येऊन पडतो, अंग तापतं, उलट्या होतात. त्यावर ट्यूब काडीचा उपाय नाही. ती अतिनील किरण अडवते, उष्णता नाही. माझी ओळ वाचून एखादा गवंडी क्रीम फासून भर दुपारी स्लॅबवर चढला असता तर? कातडी ‘भाजणं’ वेगळं, ऊन ‘लागणं’ वेगळं. जाहिरातीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसवायचे नाहीत, हे मी त्या फडक्याकडून शिकले.

दुसऱ्या वर्षी लिहिलं, ‘दिवसभर संरक्षण’. अप्पा गावाला गेले होते, त्यामुळे ओळ टिकली. घरोघर विजेचे मीटर वाचत फिरणाऱ्या एका भाऊंनी ट्यूब नेली. महिन्यानं परत आले आणि काउंटरवर हात ठेवले. घड्याळाचा पट्टा काढला तर खाली गव्हाळ पट्टी, बाकी कोपरापर्यंत काळपट लाल. “ताई, तुमचा दिवस अकरालाच संपतो की!”

किती लावता, म्हणून विचारलं. त्यांनी बोटावर दाखवलं: हरभऱ्याच्या दाण्याएवढी, सकाळी आठला, तोंडाला आणि दोन्ही हातांना मिळून. मग गाडी घामातच चाललेली. ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढतात तो दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून. म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढली, तर ती फक्त चेहरा आणि मान यांना पुरते. त्याहून कमी लावलं तर आकडा खोक्यावरच राहतो. शिवाय उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, घाम पुसला तर त्याआधीच. तीस एसपीएफ भाजणाऱ्या किरणांतले शंभरातले सत्त्याण्णव अडवतं, पन्नास अठ्ठ्याण्णव. त्या एका किरणासाठी महागडी ट्यूब घेऊन हरभऱ्याएवढी लावण्यापेक्षा तीसची दोन बोटं बरी.

त्यांच्यासमोरच कागदावर हिशोब मांडला. तोंड, मान आणि कोपरापासून खालचे हात मिळून अंदाजे तीन ग्रॅम. दिवसातून निदान दोनदा, म्हणजे सहा. पन्नास ग्रॅमची ट्यूब आठ दिवसांत खलास. महिन्याला चार ट्यूबा! भाऊंनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मलाच ओशाळल्यासारखं झालं. “पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला,” मी म्हणाले, “जाड विणीचा. मानेवर पंचा टाका. ट्यूब फक्त तोंडापुरती ठेवा.” कपड्याला घामानं ओघळायची भीती नसते आणि दर दोन तासांनी तो पुन्हा घालावा लागत नाही.

जाता जाता त्यांनी स्कूटरच्या डिकीतून ती जुनी ट्यूब काढून दाखवली. दाबल्यावर आधी पाणी आलं, मग रवाळ गोळा. एप्रिलच्या उन्हात डिकीची भट्टी होते, क्रीम फुटतं. ती ट्यूब मी फेकायला लावली.

तेव्हापासून फळ्यावरचे दावे लहान होत गेले. ‘गोरेपणा’ तर अप्पांच्या काळापासूनच वर्ज्य. ‘काळे पडणार नाही’च्या जागी ‘काळवंडणं कमी होऊ शकतं’ आलं. यंदाचा मजकूर असा:

‘उन्हात काम? आधी पूर्ण बाह्या आणि टोपी. उघड्या राहणाऱ्या तोंडा-मानेला दोन बोटं सनस्क्रीन, दोन तासांनी पुन्हा. डिकीत ठेवू नका. क्रीमनं ऊन लागणं टळत नाही. पाणी प्या, सावलीत बसा.’

परवा कंपनीचा प्रतिनिधी नव्या ट्यूबांचं खोकं घेऊन आला. फळा दोनदा वाचला आणि म्हणाला, “मॅडम, ही जाहिरात आमची आहे की शेजारच्या कापडवाल्याची?”

आतून अप्पांचा आवाज आला, “कापडवाल्याकडून पैसे मागायचं राहिलंच बघ.”