अंगभर व्याकरण

मराठीत माणूस चांगला असतो, नजर चांगली असते, हात चांगला असतो आणि जीभही चांगली असते. ‘चांगला’ हे विशेषण कुणाच्याही शेजारी जाऊन बसतं. दक्षिण अंदमानातल्या आका-बेआ भाषेत असं चालत नसे! तिथे ‘बेरिङा’ म्हणजे चांगलं, पण ते शरीराच्या कुठल्या भागाचं चांगलं, हे आधी सांगावं लागे. हाताचा उपसर्ग लावून ‘उन्-बेरिङा’ म्हटलं की हुशार, कामात तरबेज. डोळ्याचा उपसर्ग लावून ‘इग्-बेरिङा’ म्हटलं की तीक्ष्ण नजरेचा. ‘आका-बेरिङा’, म्हणजे तोंडाचा चांगला, तर तो भाषा उत्तम बोलणारा. आणि ‘ओत-बेरिङा’ म्हणजे सद्गुणी, कारण ‘ओत’ डोक्याशी आणि हृदयाशी जोडलेलं. आता ‘बेरिङा’ काढून तिथे ‘जाबग’, म्हणजे वाईट, ठेवा. हाताचा वाईट तो धांदरट, तोंडाचा वाईट त्याला भाषा जमत नाहीत, हृदयाचा वाईट तो दुष्ट. दोन विशेषणं आणि चार उपसर्ग, एवढ्यात माणसाचे आठ स्वभाव!

मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक उघडंच ठेवून खोलीत येरझाऱ्या घालत होते, भेटेल त्याला ‘उन्-बेरिङा’ समजावत होते.

एडवर्ड होरेस मॅन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात ही उदाहरणं नोंदवली. 1858 मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत उभारली, तेव्हा आका-बेआ धरून ग्रेट अंदमानी लोकांच्या दहा जमाती होत्या आणि माणसं सुमारे पाच हजार. पुढे गोवर आणि इतर साथी आल्या आणि 1961 च्या जनगणनेत एकोणीसच माणसं उरलेली दिसली. आका-बेआ तर केव्हाच गेली होती. पण उत्तरेकडची तिची एक बहीण, बो भाषा, एका बाईंच्या तोंडी एकविसाव्या शतकापर्यंत पोचली. त्यांचं नाव बोआ सीनियर. स्ट्रेट बेटावर त्या राहत. आई गेल्यावर त्यांच्याशी बोमध्ये बोलणारं कुणीच राहिलं नाही. लोकांशी बोलण्यासाठी त्यांना अंदमानी हिंदीचा आधार घ्यावा लागे. बोमध्ये त्या पाखरांशी बोलत.

अन्विता अब्बी या भाषाशास्त्रज्ञ 2005 पासून या बेटांवर ध्वनिमुद्रण करत होत्या. बोआ सीनियर आणि नाओ ज्युनियर हे त्यांचे शिक्षक. बोआबाई गात, आठवणी सांगत. 2004 च्या भूकंपाची आणि सुनामीची त्यांची हकिकत त्यांच्याच भाषेत मुद्रित आहे: जमीन दुभंगेल, पळू नका, हलू नका, असं वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्हाला ठाऊक होतं. मी ती ऐकली. शब्द एक कळेना, पण आवाज इतका ठाम की अंगावर काटा आला.

आणि आता यातली सगळ्यात भारी गोष्ट! नवखा संशोधक शब्दांची यादी घेऊन बसतो. हिंदीत विचारतो, ‘हाथ को क्या बोलते हैं?’ उत्तर मिळतं, तो लिहून घेतो. दुसऱ्या वेळी तोच प्रश्न विचारला की उत्तर थोडं वेगळं येतं, आणि त्याला वाटतं वय झालंय, आजी विसरल्या. खरं तर आजी अगदी बरोबर असतात. या भाषेत हात कुणाचा तरीच असतो. तुम्ही स्वतःच्या हाताकडे बोट दाखवलं तर उत्तर ‘तुझा हात’, त्यांच्या हाताकडे दाखवलं तर ‘माझा हात’. मालकाशिवाय सुटा हात त्या बोलण्यात नाहीच. उत्तरं बदलतात ती नियमानं, आणि तो नियम म्हणजेच व्याकरण.

अब्बींनाही सुरुवातीला या उपसर्गांचा मेळ लागत नव्हता. मग उलगडलं की शरीराचे सात विभाग आहेत. तोंड आणि त्याच्याशी जोडलेलं सारं एका गटात, हातापायांची टोकं दुसऱ्यात, चेहरा-डोक्यासारखे बाहेरून दिसणारे भाग तिसऱ्यात, आतडी-काळजासारखे आतले अवयव चौथ्यात, असे सात. प्रत्येक गटाचं चिन्ह नामालाच नाही, विशेषणाला आणि क्रियापदालाही लागतं. क्रिया आत घडते की बाहेर, टोकाशी की मध्यात, हे शरीराच्या नकाशावर दाखवलं जातं. शेकडो शब्दांची यादी करूनही हे सापडलं नसतं! त्यासाठी कुणीतरी मनमोकळं, न थांबता, स्वतःच्या भाषेत बोलायला हवं आणि समोरच्यानं ऐकायला हवं.

एक अडचण मात्र राहतेच. अब्बींना जी भाषा मिळाली ती जेरू, खोरा, बो आणि सारे या चार भाषांची सरमिसळ होती. एकत्र राहिल्यावर माणसं एकमेकांकडे झुकून बोलतात. म्हणून चौघांत बसून झालेलं मुद्रण वेगळं आणि एकटीनं सांगितलेली गोष्ट वेगळी ठेवायची, दोन्हींतले शब्द ताडून बघायचे. एकाच वस्तूसाठी दोन शब्द आले की प्रत्येकापुढे बोलणाऱ्याचं नाव लिहायचं. ते नाव गाळलं की बो आणि जेरू कायमच्या मिसळल्या.

गाण्यांनी तर मला वेडच लावलं. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन 1906 ते 1908 या काळात अंदमानात होते. त्यांनी नोंदवलंय की तिथे जो तो आपली गाणी आपण रचतो, दुसऱ्यानं रचलेलं गाणं कुणी गात नाही. म्हणजे ‘पारंपरिक गीत’ म्हणून आपण ज्याचा शोध घेत असतो, ते इथे एका माणसाची सही असलेलं गाणं असतं! शिवाय गाताना शब्द लयीसाठी ताणले जातात, बदलतात. म्हणून मुद्रणाचा क्रम महत्त्वाचा. आधी गाणं पूर्ण गाऊ द्यायचं, मध्ये एकही प्रश्न नाही. मग गाणाऱ्याकडूनच तेच शब्द सावकाश बोलून घ्यायचे. शेवटी ओळीओळीचा अर्थ. गायलेलं आणि बोललेलं शेजारी ठेवलं की कुठला स्वर भाषेचा आणि कुठला चालीचा, हे उघड होतं. फाइल एमपीथ्री नको, वेव हवी, कारण श्वासाचे आणि ओठांचे बारीक आवाज दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये हरवू शकतात.

पाखरांचं तर पुणेकरांनी ऐकायलाच हवं. ग्रेट अंदमानी लोक पक्ष्यांना आपले पूर्वज मानतात. बोआबाई पाखरांशी बोलत, त्यामागे हेच नातं होतं. पण नुसतं ‘एक पक्षी’ असं लिहून कोश होत नाही. नेमका कुठला पक्षी, हे पक्ष्यांच्या जाणकारानंच सांगायला हवं. पुण्याचे पक्षीतज्ज्ञ सतीश पांडे आणि अब्बी यांनी मिळून ग्रेट अंदमानींच्या पक्ष्यांवर पुस्तक केलं. ‘फाटका’ म्हणजे कावळा, ‘कौलो’ म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, अशी नावं आता ओळख पटवून नोंदली आहेत.

बोआ सीनियर 26 जानेवारी 2010 ला गेल्या आणि त्यांच्याबरोबर बो बोलणारं शेवटचं माणूस गेलं. अब्बींचा कोश 2012 मध्ये आला, व्याकरण 2013 मध्ये. ही दोन पुस्तकं ज्याला भाषेची जराही गोडी आहे त्यानं हातात घ्यायलाच हवीत!

मला यातून माझ्या पहिल्या क्षेत्रकामाची दिशा मिळाली आहे. बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात निहाली बोलली जाते. तिचं नातं जगातल्या कुठल्याही भाषेशी पक्कं जुळलेलं नाही आणि तिच्यात कोरकू, मराठी, हिंदीचे शब्द खच्चून भरलेत. तिथल्या आजींपुढे मी शब्दयादी सगळ्यात शेवटी काढणार. आधी रेकॉर्डर लावण्याची परवानगी, मग त्यांना सांगावीशी वाटेल ती गोष्ट, आणि एकाच प्रश्नाला दोन उत्तरं आली तर दोन्ही जशीच्या तशी लिहून ठेवायची, कारण नियम बहुधा तिथेच दडलेला असतो.