यशोदा, हलीमा, रमाई

आमच्या आजीने 1956 नंतर तिच्या अंगाईतली यशोदा काढली आणि त्या जागी रमाई बसवली. बाकी गाणं तसंच ठेवलं. 14 ऑक्टोबरला ती पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर गेली होती. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये राम आणि कृष्ण यांना देव मानणार नाही, अशीही एक प्रतिज्ञा होती, आणि आजीने ती कुणी समजावून सांगायच्या आधीच घरात लागू केली. भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या, कोनाड्यातले देव गेले. पण घरात तान्हं पोर होतं आणि दुपारी त्याला निजवायचं होतं. आई सांगायची, कुणी विचारलं तर आजीचं उत्तर ठरलेलं असे, "देव गेले, पोरगं त हायेच ना घरात."

पाळणा आणि अंगाई या आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी. पाळणा बारशाला म्हणायचा. त्यात पहिल्या दिवसापासूनचा क्रम असतो, शेजारणी जमतात आणि प्रत्येक कडवं पुरं व्हावं लागतं. पुढे वस्तीत बाबासाहेबांचे पाळणे आले, ते जयंतीला म्हटले जाऊ लागले आणि बायांनी ते पाठ केले. अंगाई मात्र ऐकणाऱ्यासाठी नसतेच. दुपारी एकटी बाई एका हाताने झोळी ढकलत, दुसऱ्या हाताने तांदूळ निवडत ती गुणगुणते, आणि पोर निजलं की गाणं असेल तिथे तुटतं. म्हणूनच ती कुणी लिहून घेत नाही, आणि शेजारच्या घरात काय चाललंय हेही कळत नाही.

टेका नाक्याकडच्या आमच्या घरात आजीची अंगाई चार ओळींची होती. पहिल्या ओळीत झोपेला बोलावणं, दुसरीत चांदोबा. तिसऱ्या ओळीत बाळाचा मामा कामठीहून येतो आणि खाऊ आणतो. चौथीत रमाई बाळाला झोका देते. तिसरी ओळ संपली की गाणं एक अख्खा झोका थांबतं. झोळी जाऊन परत येते, तेव्हा कुठे चौथी ओळ सुरू होते. हा थांबा लहानपणी मला फार आवडायचा. आता रमाई येणार, हे ठाऊक असायचं.

भिंतीपलीकडे खालांचं घर. त्यांचं माहेर मोमिनपुऱ्यातलं, विणकरांचं. मोमिनांची ही घराणी एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून कामठीला आणि नागपूरला आली. 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, त्यानंतर हळूहळू हातमागाचं काम मागे पडत गेलं आणि कितीतरी विणकर गिरणीच्या पाळीला जाऊ लागले. आमचे आजोबाही त्याच गिरणीत होते. खाला आणि आई यांची ओळख जुनी, देवाणघेवाण रोजची. शिरखुर्मा इकडे यायचा, बुद्धपौर्णिमेची खीर तिकडे जायची. खालांच्या नातवंडांना निजवतानाचा त्यांचा आवाज आम्हाला भिंतीतून कितीदा तरी ऐकू आला होता. पण ते आपलं गाणं आहे, असं कुणालाच कधी वाटलं नाही.

त्याचं कारण छताच्या उंचीत होतं, हे मला नंतर उमगलं. आमचं घर जुनं, टिनाचं. आडवी बल्ली जेमतेम सात फुटांवर. तिला आईच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली आणि बाळ जमिनीपासून दीड फूट वर. म्हणजे टांगलेली लांबी साडेपाच फूट. खालांच्या घरावर स्लॅब पडला होता, कडी दहा फुटांवर, त्यामुळे त्यांची झोळी साडेआठ फूट लोंबायची. झोळी हा लंबकच आहे. तो जाऊन परत यायला किती वेळ घेईल, हे फक्त लांबीवर ठरतं. बाळ तीन किलोचं असो की आठ, धक्का हळू असो की जोरात, फारसा फरक पडत नाही. आमच्या झोळीचा एक झोका साधारण 2.6 सेकंदांचा, त्यांचा 3.2 सेकंदांचा. अंगाईची एक ओळ एका झोक्यात बसते, म्हणून खालांचं गाणं आमच्यापेक्षा जवळपास पाव पटीने संथ चालायचं. तिसऱ्या ओळीनंतरचा थांबा तर भिंतीपलीकडून गाणं संपल्यासारखाच वाटायचा.

मग माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्या घरी झालं. एके दुपारी मी औषधं आणायला बाहेर पडले होते, आई मागे न्हाणीत, आणि बाळ रडायला लागलं. खाला आल्या, झोळीला हात लावला आणि त्यांचं गाणं सुरू केलं. आमच्या दोराने त्यांना संथ गाऊच दिलं नाही. झोळी जशी परतली तशी ओळ संपवावी लागली. आई ओल्या हातांनीच बाहेर आली. मी परतले तेव्हा दोघी झोळीच्या दोन बाजूंना उभ्या होत्या.

"हे तुम्हाले कोनं शिकवलं?" आई विचारत होती.

"किसने मतलब? हमारी अम्मी गाती थी, ताई."

"माह्या सासूचं गाणं हाये हे."

खालांचे शब्द हिंदीत, आपल्या नागपुरी हिंदीत. पण ओळी चारच, चाल तीच, चांद दुसऱ्या ओळीत आणि मामा तिसऱ्या ओळीत. तो थांबाही तिथेच. चौथ्या ओळीत झोका द्यायला येत होती हलीमा.

दोन माणसांचं गाणं सारखं निघालं की आधी संशय घ्यावा, असं मला वाटतं. पहिला संशय रेडिओचा. नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 पासूनचं आणि सिनेमातल्या लोऱ्या घराघरांत पोचलेल्या. पण सिनेमाच्या गाण्याला अंतरा असतो, शब्द पक्के असतात, आणि इतक्या वर्षांत कुणीतरी ते ओळखलंच असतं. या गाण्याला अंतरा नाही, आणि शब्द दोन भाषांत आहेत. दुसरा संशय असा की सगळ्याच अंगाया एकमेकींसारख्या असतात. त्यात बरंच तथ्य आहे. हार्वर्डमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये 86 छोट्या समाजांतल्या गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे 60 देशांतल्या लोकांना ऐकवले. भाषा कळत नसतानाही त्यातली अंगाई कोणती, हे ऐकणाऱ्यांनी बरंचसं ओळखलं. संथ लय, मोजके सूर, तेच तेच परत येणं, ही अंगाईची घडण जगभर जवळपास एकच आहे. झोळीचा दोर आणि बाळाचा कान यांच्यापुढे गाण्याला वेगळं होण्याची मुभा फार नसते. तेव्हा नुसती चाल जुळली असती, तर मी तो योगायोग मानला असता.

पण कामठी योगायोगाने जुळत नाही. आमचं कामठीत कुणी नाही. आईचे भाऊ उमरेडला, आजीचे भंडाऱ्याकडे. खालांचे मामा मोमिनपुऱ्यातच, दोन गल्ल्या सोडून. तरी दोन्ही गाण्यांतला मामा कन्हानकाठच्या कामठीहूनच येतो. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे लोक दोन प्रती एकाच मूळ पोथीवरून उतरल्या आहेत हे ओळखतात ते त्यांच्यातल्या चुकांवरून. बरोबर मजकूर दोघांनी वेगवेगळा लिहिलेला असू शकतो, पण तीच चूक त्याच जागी दोघांच्या हातून सहसा होत नाही. आमच्या गाण्यात कामठी ही तशी चूक होती. आमच्यासाठीही आणि खालांसाठीही. कुणासाठी तरी ती चूक नसणार.

म्हणून मी दोघींना आठवायला बसवलं. आईला आठवली ती आजीच्या तोंडची एक बाई, बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला यायची ती दाई. आमच्याकडे सव्वा महिना, खालांकडे चाळीस दिवसांचा चिल्ला. म्हणजे दोन्हीकडे मुदत जवळपास एकच, आणि तेवढे दिवस दाई रोज सकाळी घरात येणार. ती बाळाला पायांवर आडवं घालून तेल चोळते, कढत पाण्याने न्हाऊ घालते, धुरी देते, गुंडाळते, आणि निजवूनच पुढच्या घरी जाते. पहिलटकरीण अंथरुणावर पडल्या पडल्या महिनाभर रोज तिचं गाणं ऐकते. आणखी कुठलं गाणं एखाद्या बाईच्या कानात असं शिरत असेल? बाळाची आई शिकते ती तिथेच. आजीचं तेव्हाचं बिऱ्हाड गिरणीच्या जवळ होतं आणि मोमिनपुरा तिथून पायी जाण्याइतका. खालांनाही त्यांच्या अम्मीची दाई आठवली. नाव नाही आठवलं. तिला सगळे 'कामठीवाली' म्हणायचे. आईने मान वर केली. आजीही तेच म्हणायची.

तेव्हा मामा तिचा होता. म्हणजे तिच्या पोरांचा. कामठीचं माहेर तिचं होतं.

चौथ्या ओळीचा विचार मी पुढे बरेच दिवस करत राहिले. य-शो-दा. ह-ली-मा. र-मा-ई. तिन्ही नावांत पहिलं अक्षर लघु, पुढची दोन गुरू, मात्रा पाच. शाळेत यगण शिकवतात, तोच. ओळीला धक्का न लावता एक नाव काढून दुसरं बसवता येतं. आजीला गण ठाऊक नव्हते. ती झोळी ढकलत होती, आणि नाव झोक्यात बसलं नसतं तर तिच्या हाताला ते लगेच कळलं असतं. पण जुळतं ते केवळ वजन नाही. यशोदेने देवकीचं लेकरू वाढवलं. हलीमा दाईने आमिनाचं लेकरू, पुढे पैगंबर झालेलं, आपल्या दुधावर वाढवलं. ही दोन्ही नावं त्या कामठीवालीनेच घराघरांप्रमाणे घातली असावीत, असं मला वाटतं, कारण तीही रोज परक्याचं लेकरू पायांवर घेऊन बसायची. रमाई मात्र दाईची नव्हे, आजीची. रमाईंची चार लेकरं गेली, एक यशवंत तेवढा राहिला. आजीचीही दोन गेली होती. दुसऱ्याचं लेकरू वाढवणाऱ्या बायांच्या जागी तिने लेकरं गमावलेली बाई आणली. हा बदल तिने कुणाला न विचारता केला, आणि मला तो कुठल्याही कवीच्या शब्दनिवडीपेक्षा थोर वाटतो.

ती कामठीवाली कोण होती, यावर मात्र दोघींचं एकमत झालं नाही. ती आपल्यातलीच असणार, असं आई म्हणते. त्या काळी दाईपण आपल्याच बायांकडे असायचं, दुसरं कोण करणार? खाला म्हणतात, हलीमाचं नाव घेणारी आमचीच असेल. मी ऐकून घेते. आता बाळंतपणं डागा हॉस्पिटलला होतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी येतात, आणि तेल लावायला येणारी बाई मिळाली तरी ती पाऊण तासात तीन घरं उरकते. तिला गायला सवड नसते, आणि बाळंतिणीच्या उशाशी फोन चालू असतो.

खालांच्या धाकट्या सुनेला बाळ झालं तेव्हा तिच्या भावाने स्प्रिंगचा पाळणा आणला होता. तो वर-खाली हलतो आणि त्याचा वेग बाळाच्या वजनावर ठरतो. बाळ वाढतं तसा तो मंदावतो, पण पहिल्या महिन्यात फार भरभर नाचतो. खाला दोन दिवस त्यावर गायल्या. ओळ निम्म्यात तुटायची आणि त्यांना धाप लागायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या भावाला हाक मारली आणि मधल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत बांबू टाकायला सांगितला. किती उंचीवर, असं त्याने विचारलं. "तुम्हारे घर जितना," त्या म्हणाल्या, आणि आईने टेप घेऊन आमची बल्ली मोजली.