पाचशेच्या जरा खाली

माझा रूममेट ट्रेडिंग करतो. महिन्यातून एकदा तरी तो फोन गादीवर आपटून म्हणतो, "माझा एसएल दिसतो रे त्यांना! माझा उडवला की लगेच वर नेतात." मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझा पहिला प्रश्न असतो: दिसतो तो नेमका कुठे?

एनएसईवर स्टॉपलॉस ऑर्डर ट्रिगर होईपर्यंत वेगळ्या यादीत पडून असते. मार्केट डेप्थमध्ये ती येत नाही, त्यामुळे समोरच्या ट्रेडरला ती दिसत नाही. पण ती दिसायची गरजच नसते, कारण अंदाज पुरेसा असतो. शेअर ५१२ ला घेतलेल्या हजार लोकांना स्टॉप कुठे लावला म्हणून विचारलं, तर बरेच जण ५०० सांगतील, काही ४९९.९५ आणि काही ४९९. राउंड फिगर डोक्यात पटकन येते, एवढंच त्यामागचं कारण.

हा नुसता तर्क नाही. कॅरल ऑस्लर या अर्थतज्ज्ञ बाईंनी एका मोठ्या बँकेकडे आलेल्या चलनबाजारातल्या नऊ हजारांहून जास्त ऑर्डर तपासल्या. त्या १९९९-२००० मधल्या होत्या आणि अभ्यास २००३ मध्ये छापून आला. त्यात दिसलं की नफा काढायच्या ऑर्डर बरोबर राउंड फिगरवर साचतात. स्टॉपलॉस मात्र तिच्या जरा पलीकडे साचतात: विकायचे जरा खाली, घ्यायचे जरा वर. म्हणून भाव राउंड फिगरला टेकून बरेचदा उलटा फिरतो, पण ती ओलांडली की एकदम वेग घेतो.

आता आपल्या शेअरकडे या. भाव ५०० च्या खाली गेला की तिथले स्टॉप ट्रिगर होतात आणि प्रत्येक स्टॉप ही विक्रीची ऑर्डर बनते. त्या विक्रीने भाव ४९९ ला येतो, तिथले स्टॉप उडतात, भाव आणखी खाली. ज्याला मोठा माल घ्यायचा आहे त्याला हेच हवं असतं, कारण एरवी इतके विकणारे एका वेळी सापडत नाहीत. तो ५०० च्या आसपास थोडी विक्री करून भाव ढकलतो आणि खाली आलेला माल उचलतो. याला स्टॉप हंट म्हणतात. पण दर वेळी शिकारी असतोच असं नाही. ऑर्डर एकाच जागी साचल्या असतील तर एखाद्या साध्या विक्रीनेही ही घसरगुंडी सुरू होते.

चार्टवर याची खूण अशी: कँडलची शेपटी ४९७.८० पर्यंत जाते, त्या मिनिटाचा व्हॉल्यूम आजूबाजूच्या मिनिटांच्या कितीतरी पट असतो आणि थोड्याच वेळात भाव परत ५०१ वर. भाव ५०० खालीच रेंगाळला आणि वर येताना तिथेच अडू लागला, तर मात्र तो खरा ब्रेकडाउन. अडचण ही की दोन्हींतला फरक नंतरच कळतो. म्हणून स्टॉपची जागा आधीच विचार करून ठरवावी लागते.

मी ती अशी ठरवतो. समजा, शेअर ५१२ ला घेतला आणि मागचा तळ ५००.४० आहे. शेअर दिवसाला साधारण ९ रुपये हलतो. मग ५०० खाली एक-दोन रुपयांची शेपटी म्हणजे नुसता गोंगाट. त्या रोजच्या चालीच्या निम्मे, म्हणजे साडेचार रुपये, मी तळापासून खाली सोडतो. येतं ४९५.९०. पुढची गर्दी ४९५ खाली असणार, तिच्या आधी बाहेर पडायचं म्हणून स्टॉप ४९५.८५.

इथे लोक एक गोष्ट विसरतात. स्टॉप लांब नेला की नुकसानही वाढतं. मला एका ट्रेडमध्ये २,४०० रुपयांहून जास्त घालवायचे नाहीत. स्टॉप ५०० ला असता तर अंतर १२ रुपये, म्हणजे २०० शेअर. आता अंतर १६.१५, म्हणून १४८ शेअर. जोखीम तेवढीच, नग कमी. नग कमी करायची तयारी नसेल, तर स्टॉप लांब नेणं म्हणजे नुसतं मोठं नुकसान मान्य करणं.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. रात्री वाईट बातमी आली आणि शेअर सकाळी ४८५ ला उघडला, तर ४९५.८५ चा उपयोग नाही. लिमिट लावलेली स्टॉप ऑर्डर तर तशीच पडून राहील आणि शेअर आपल्याच गळ्यात. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये घसरगुंडी ४९५ च्या पारही जाऊ शकते.

रूममेटला मी एवढंच विचारतो: भाव कुठे गेला तर तुझं गणित चुकलं असं तू म्हणशील? त्याचं उत्तर "पाचशे" असेल, तर मी पुढे विचारतो, "पाचशेच का?" बऱ्याचदा त्यावर तो चार्ट पुन्हा उघडतो.