सतरा महिने वाट पाहिल्यावर लिहिलेलं एक साधं पत्र

मंडळी, आपल्या संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्याबद्दल मी इथे बऱ्याचदा लिहिलंय. आज त्याच पाण्याबद्दल लिहितोय, पण जरा वेगळ्या बाजूने. त्या पाण्यावर झालेलं एक संशोधन सतरा महिने एका जर्नलकडे अडकून पडलं होतं. शेवटी ते एका पत्राने परत घ्यावं लागलं. ते पत्र मी वाचलंय, आणि ते लिहायच्या आधी झालेला वादही ऐकलाय.

आपल्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवणारे माझे एक मित्र आहेत. नाव देत नाही, सर म्हणू. पूर्णा नदीच्या गाळाचा जो पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलाय, तिथलं भूजल खारं आहे, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. सरांनी आपला एक विद्यार्थी आणि दुसऱ्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक सोबत घेऊन चाळीसेक विहिरी आणि बोअरचं पाणी तपासलं. एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर २०००, असं भारतीय मानक सांगतं. आपल्या गावांतलं पाणी या दोन आकड्यांच्या कुठे बसतं, आणि पावसाने त्यात किती फरक पडतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मी अर्थातच बातमी मागितली. किडनीच्या आजाराच्या बातम्या आम्हीच लिहितो, मग आकडे का नकोत? सर म्हणाले, "भाऊ, प्रत्येक गावाला त्याच्या विहिरीचा आकडा मी देतो. पण त्यातून जो निष्कर्ष निघतो तो आधी दुसऱ्या जाणकारांनी तपासू दे, मग छापा." त्यांनी खरंच ग्रामपंचायतींना कागद दिले. निबंध ऑगस्ट २०२३ मध्ये जर्नलकडे गेला.

इथे एक नियम सांगतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. एक निबंध एका वेळी एकाच जर्नलकडे देता येतो. आपण एकच बातमी चार पेपरांना पाठवतो, तसं तिथे चालत नाही. त्याला कारणही आहे. निबंध तपासणारे परीक्षक हे दुसरे प्राध्यापक-शास्त्रज्ञच असतात, आणि बहुतेक ठिकाणी हे काम ते फुकट करतात. एकच निबंध चार ठिकाणी फिरला तर चार ठिकाणच्या लोकांची मेहनत वाया जाईल. नियम रास्त आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की जर्नल जोवर हो किंवा नाही म्हणत नाही तोवर निबंध बांधून ठेवलेला असतो.

जर्नलच्या वेबसाइटवर आपला निबंध कुठवर आला ते दिसतं. आधी `With Editor`, म्हणजे संपादकाच्या टेबलावर. मग `Under Review`. सरांचा निबंध ऑक्टोबरमध्ये `Under Review` झाला आणि तिथेच बसला. आपल्याला वाटतं, कोणीतरी वाचतंय. पण काही ठिकाणी परीक्षकांना नुसतं विचारलं तरी तो शब्द दिसायला लागतो. संपादक पाच जणांना विचारतो, दोघं नाही म्हणतात, तिघं उत्तरच देत नाहीत. पडद्यावर मात्र शब्द तोच.

मार्च २०२४ मध्ये सरांनी पहिली विचारणा केली. आपोआप निघणारं पोचपत्र आलं. जूनमध्ये दुसरी केली, तेव्हा उत्तर आलं की परीक्षकांच्या अहवालाची वाट पाहत आहोत. जर्नलच्याच वेबसाइटवर पहिल्या निर्णयाला साधारण चार महिने लागतात असं लिहिलेलं होतं, आणि इथे दहा झाले होते. दिवाळीनंतर सर एका गावात गेले तेव्हा एका मावशींनी विचारलं, "सर, आमच्या पान्याचं ते मोठं पुस्तक छापून येनार होतं, त्याचं काय झालं?" सरांकडे उत्तर नव्हतं. त्यात पाण्याचे आकडे जुने होत चाललेले. दोन पावसाळे उलटून गेल्यावर कोणीही परीक्षक विचारणारच, की हे आजही खरं आहे का?

निबंध परत घ्यायचा विषय निघाला तेव्हा रसायनशास्त्राचे प्राध्यापक नको म्हणाले. "एवढं थांबलो, अजून एक महिना थांबू. नव्या ठिकाणी पुन्हा शून्यापासून सुरू होईल." विद्यार्थ्याचं म्हणणं उलट होतं. त्याला हा निबंध आपल्या प्रबंधासोबत दाखवायचा होता.

दोघांचंही चूक नव्हतं. हा वाद कशाने सुटला ते सांगण्यासारखं आहे. सर म्हणाले, किती महिने झाले ते मोजू नका, गाडी कुठे अडकली ते आधी विचारू. डिसेंबरमध्ये त्यांनी संपादकांना फक्त एक प्रश्न पाठवला: आजपर्यंत किती परीक्षकांचे अहवाल आले आहेत? १० जानेवारीपर्यंत कळलं तर आम्हाला पुढचं ठरवता येईल, असंही नम्रपणे जोडलं. दोन अहवाल आले असते आणि संपादकाचा निर्णय तेवढा बाकी असता, तर थांबणं शहाणपणाचं होतं. शिवाय दोन माणसांनी वेळ घालवून निबंध वाचल्यावर तो उचलून दुसरीकडे नेणं सभ्यपणाचंही नाही. एकच अहवाल आला असता तर अजून थोडी वाट. पण उत्तर आलं की एकही अहवाल नाही, दुसऱ्यांदा परीक्षक शोधणं चालू आहे. मग रसायनशास्त्राचे सरही लगेच तयार झाले. परत घेतल्याने कोणाचीच मेहनत वाया जाणार नव्हती.

यानंतर तिघांनीही ईमेलवर लेखी संमती दिली. हे लागतंच, कारण पत्र एकटा मुख्य पत्रव्यवहार करणारा लेखक पाठवत असला तरी निबंध सगळ्यांचा असतो. पत्र इंग्रजीत गेलं, मी इथे त्याचा मराठी मजकूर देतो:

"आदरणीय संपादक महोदय,
आमचा निबंध (क्रमांक व शीर्षक वर दिले आहे) आम्ही १४ ऑगस्ट २०२३ रोजी आपल्याकडे पाठवला होता. त्यावर अद्याप परीक्षकांचा अहवाल मिळू शकलेला नाही, असे आपण कळवलेत. योग्य परीक्षक मिळणे किती अवघड असते याची आम्हाला जाणीव आहे. मात्र या निबंधातील नोंदी हंगामी असल्याने आणखी विलंब त्यांच्या उपयोगाला बाधक ठरेल. म्हणून सर्व लेखकांच्या संमतीने आम्ही हा निबंध मागे घेत आहोत. कृपया तो मागे घेतल्याची नोंद करून आम्हाला लेखी कळवावे. ते मिळेपर्यंत आम्ही तो इतरत्र पाठवणार नाही. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार.
आपला नम्र"

बस. मी वाचून म्हणालो, "सर, सतरा महिन्यांचा राग कुठे गेला?" ते म्हणाले, "रागाने काय मिळणार? मला त्यांच्याकडून एक ओळ पाहिजे, की निबंध मोकळा झाला." पत्रातलं प्रत्येक वाक्य त्या एका ओळीसाठी आहे. क्रमांक आणि तारीख, म्हणजे कारकुनाला शोधावं लागू नये. कारण एकच, आणि तेही खरं. आणि "मागे घेत आहोत" असं स्पष्ट. "विलंब होत असेल तर मागे घेण्याचा विचार करू" असं लिहिलं की समोरचा त्याला आणखी एक विचारणा समजतो, आणि पुन्हा दोन महिने जातात.

रागाच्या पत्राचंही एक नामी उदाहरण आहे, थेट आइन्स्टाइनचं. १९३६ मध्ये त्यांनी आणि नेथन रोझन यांनी गुरुत्वीय लहरींवरचा निबंध अमेरिकेतल्या फिजिकल रिव्ह्यूकडे पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकाला दाखवला आणि दहा पानी शेरे परत पाठवले. तिथे विलंब काही नव्हता, दोन महिनेही झाले नव्हते. पण छापण्याआधी दुसऱ्या कोणाला दाखवलाच का, म्हणून आइन्स्टाइन चिडले आणि त्यांनी निबंध काढून घेतला. गंमत अशी, की परीक्षकाचं बरोबर होतं. पुढच्या वर्षी निबंध दुसऱ्या जर्नलमध्ये आला तेव्हा मूळ निष्कर्ष बदललेला होता. आइन्स्टाइनचं नाव असेल तर असं पत्र खपून जातं. आपल्या तालुक्यातल्या प्राध्यापकाला त्याच विषयाचे तेच पाच-सहा संपादक आयुष्यभर भेटत राहणार असतात.

सरांना चौथ्या दिवशी उत्तर आलं. निबंध मागे घेतल्याची नोंद झाली, विलंबाबद्दल दिलगिरीही होती. उत्तर आलंच नसतं तर? तर पुन्हा लिहायचं, या वेळी मुख्य संपादक आणि प्रकाशक दोघांना, तारीख घालून. सगळा पत्रव्यवहार जपून ठेवायचा आणि नव्या जर्नलला आधीची हकीकत उघड सांगायची. लपवून दुसरीकडे पाठवलं आणि दोन्हीकडे स्वीकारलं गेलं, तर बट्टा लेखकालाच लागतो. आणि मागे घेण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर समजून घ्या की ते दुकान आहे. असली दुकानं निबंध अडवून ठेवायला हेच करतात.

आता नवं जर्नल निवडायचं होतं, तर नेमकं फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने आपली केअर यादी बंद केली. कोणतं जर्नल चांगलं, हे आता ज्या त्या संस्थेने ठरवायचं. सरांनी जर्नल निवडताना या वेळी एक गोष्ट वेगळी पाहिली: छापून आलेल्या निबंधांखाली "मिळाला" आणि "स्वीकारला" अशा दोन तारखा असतात. दहा-बारा निबंधांच्या त्या तारखांतलं अंतर त्यांनी मोजलं. वेबसाइटवर लिहिलेल्या महिन्यांपेक्षा हा हिशोब खरा.

नव्या जर्नलकडून अकरा आठवड्यांत दोन अहवाल आले. दोघांनीही तेच विचारलं ज्याची भीती होती: नोंदी जुन्या आहेत, एकदा पुन्हा पाणी तपासा. म्हणजे त्या सतरा महिन्यांची किंमत चाळीस विहिरींवर पुन्हा बाटल्या घेऊन जाऊन मोजावी लागली. विद्यार्थ्याने ती मोजली, मोटरसायकलवर, मे महिन्याच्या उन्हात.

कॉलेजात शिकवणारे माझे बरेच वाचक आहेत. तुमचाही निबंध कुठे अडकला असेल, तर आज फक्त एवढंच विचारा: किती अहवाल आले? पुढचं पत्र लिहायचं की नाही, ते त्या उत्तरावरून ठरेल.