एकशे चाळीस माणसं आणि मंगळवारची पोस्ट

माझा धाकटा भाऊ सोळा वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होता. नोकरी सुटली तेव्हा त्याने ठरवलं, आता दुसरी धरायची नाही. कारखान्यांमधल्या कॉम्प्रेस्ड एअरची गळती शोधून वीजबिल कमी करून द्यायचं, हे त्याला मनापासून येणारं काम. पण काम येणं वेगळं आणि काम मिळणं वेगळं. आम्ही लोणावळ्याला राहतो. तळेगावची एमआयडीसी, नवलाख उंबरे, आंबी, सगळं लोकलने नाहीतर मोटारसायकलने गाठता येतं. तरी गेटवरचा वॉचमन व्हिजिटिंग कार्ड घेऊन ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणायचा. तीन महिन्यांत दोन छोटी कामं झाली, तीही जुन्या सहकाऱ्यांच्या ओळखीने. घरात मुलीची अकरावीची फी भरायची होती.

मग त्याने लिंक्डइनवर लिहायला सुरुवात केली. रोज एक पोस्ट. सहा आठवड्यांनी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “आपा, तू मुलांच्या वह्या तपासतेस ना? माझीही तपास.”

मी तपासली. यशाबद्दलची सुविचारं, ईदच्या आणि दिवाळीच्या शुभेच्छा, ऊर्जा वाचवा देश वाचवा, आणि शेवटी प्रत्येक वेळी ‘सेवेसाठी संपर्क साधा’. एकूण जोडलेली माणसं एकशे चाळीस. त्यातली निम्मी डिप्लोमाची मित्रमंडळी आणि आखातातले नातेवाईक. लाइक करणारे तेच नऊ-दहा जण. मी त्याला विचारलं, “यातला कुणी कॉम्प्रेसर विकत घेतो का? चालवतो का?” तो हसला.

बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण लिहायला लावायचे. एका तासिकेचं एकच उद्दिष्ट. मी तेच लावलं. आठवड्याला एकच पोस्ट, मंगळवारी सकाळी. विषय असा, जो एखाद्या मेंटेनन्स मॅनेजरने त्याला खरोखर विचारलेला आहे. आणि वाचणाऱ्याला त्याच आठवड्यात, भावाला न बोलावता, स्वतःच्या कारखान्यात करून बघता येईल असं काहीतरी त्यात हवं. भाऊ म्हणाला, “सगळं फुकट सांगितलं तर मला कोण बोलावेल?” हा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

पहिली नीट पोस्ट अशी होती. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद असताना कॉम्प्रेसर चालू करा. हवा कुणीच वापरत नाही, म्हणजे एकदा दाब भरला की तो पुन्हा लोड व्हायलाच नको. तरी होत असेल तर घड्याळ लावा. समजा दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड. आठातली दोन मिनिटं, म्हणजे पंचवीस टक्के हवा गळतीत चालली आहे. सदतीस किलोवॅटच्या कॉम्प्रेसरचा चौथा हिस्सा साधारण नऊ किलोवॅट. वर्षाला सहा हजार तास आणि युनिटला आठ रुपये धरले, तर चार लाख बत्तीस हजार रुपये.

लिंक्डइन पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दाखवतं, बाकीचं ‘…more’ दाबल्यावर. भावाने सुरुवात ‘नमस्कार मित्रहो’ने केली होती. मी ती खोडली आणि ‘मशिनं बंद, तरी कॉम्प्रेसर चालूच?’ हे वर आणलं. पोस्ट साध्या इंग्रजीत ठेवली, कारण तळेगाव-चाकणचे प्लँट हेड महाराष्ट्राबाहेरचेही असतात.

तरीही एकशे चाळीस माणसांच्या अंगणात कितीही छान बोललं तरी आवाज कुंपणापर्यंतच जातो. खरा फरक दुसऱ्या गोष्टीने पडला. आपण दुसऱ्याच्या पोस्टखाली टिप्पणी करतो, तेव्हा ती त्याच्या ओळखीच्या माणसांना दिसते आणि आपल्या नावाखाली आपली हेडलाइनही दिसते. भावाची हेडलाइन होती ‘फ्रीलान्स कन्सल्टंट’. कशाचा? ती बदलून ‘कारखान्यातली कॉम्प्रेस्ड एअरची गळती मोजून वीजबिल कमी करतो, तळेगाव-चाकण-पुणे’ अशा अर्थाची केली. मग मेंटेनन्स आणि युटिलिटीचं काम बघणारी पंधरा माणसं निवडली. त्यांच्या पोस्टखाली आठवड्यातून तीन-चारदा तो काहीतरी कामाचं लिहायचा. ‘छान माहिती, सर’ लिहायला मनाई. दोन-तीन टिप्पण्या झाल्या की मगच त्या माणसाला जोडणीची विनंती, सोबत एक ओळ. मग लोक ओळख असल्यासारखी ती स्वीकारत. चार महिन्यांत आकडा तीनशेच्या पुढे गेला. तो फार नाही, पण आता त्यातले बरेच जण कॉम्प्रेसर रूमची किल्ली बाळगणारे होते.

मधे एक घोळही झाला. एका कारखान्यात काढलेल्या गेजच्या फोटोत मागच्या फळ्यावर त्यांच्या ग्राहकाचं नाव दिसत होतं. मॅनेजरचा रागाचा फोन आला, पोस्ट काढावी लागली, आणि ते काम पुन्हा मिळालं नाही. तेव्हापासून परवानगीशिवाय फोटो नाही, आणि कारखान्याचं नाव तर कधीच नाही.

तिसऱ्या महिन्यात त्याने गळतीची पोस्ट थोडी बदलून पुन्हा टाकली. खाली एका अनोळखी इंजिनीअरने लिहिलं, हिशेब चुकला आहे. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड झाला तरी मोटर फिरतच असते आणि पूर्ण लोडच्या तीसेक टक्के वीज खाते. गळती बुजवली तर लोडची वेळ अनलोडमध्ये जाईल, वीज शून्य होणार नाही. भाऊ रात्री माझ्याकडे आला. “आपा, टिप्पणी उडवू का? लोक काय म्हणतील?” माणसाची भाकरी एका आकड्यावर उभी असताना असं वाटणारच. मी विचारलं, तो बरोबर आहे का? म्हणाला, हो. मग त्याने तिथेच लिहिलं: बरोबर, मी चुकलो. बचत साधारण सत्तर टक्के धरायला हवी, म्हणजे चार लाख बत्तीस हजार नव्हे, तीन लाखांच्या आसपास. गळती काढल्यावर छोटा कॉम्प्रेसर पुरला किंवा व्हीएफडी असला, तरच त्याहून जास्त.

अकरा दिवसांनी एक मेसेज आला. रांजणगावच्या एका प्लँट हेडचा. त्याने आधी कधी लाइक केलं नव्हतं, टिप्पणी केली नव्हती. लिहिलं होतं, तुमची चाचणी आम्ही करून पाहिली, एकतीस टक्के आली. गळती कुठे आहे ते सापडत नाही. आणि तुम्ही आकडा कमी केलात ते वाचलं, म्हणून विचारतोय. भावाच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच होतं. चाचणी फुकट करता येते. दोनशे जॉइंट, कपलिंग आणि ड्रेन व्हॉल्व्हमधून गळती हुडकायला अल्ट्रासॉनिक यंत्र, दोन दिवस आणि सवयीचा कान लागतो.

भावाने लगेच दरपत्रक पाठवायला घेतलं होतं. मी थांबवलं. आधी दोनच प्रश्न: कॉम्प्रेसर किती किलोवॅटचे, आणि दिवसाला किती तास चालतात? मग पंधरा मिनिटांचा फोन. मग पैसे घेऊन भेट.

मी शाळेच्या हजेरीवहीसारखी एक वही ठेवली आहे. लाइक आणि इम्प्रेशन तिच्यात लिहीत नाही. ज्याने स्वतःच्या कारखान्याची अडचण सांगितली, तोच चौकशी म्हणून मोजायचा. पहिल्या वर्षी अशा अकरा. पहिले तीन महिने वही कोरी. अकरापैकी चार कामं झाली, त्यातल्या दोघांनी पुन्हा बोलावलं. बाकीच्यांपैकी तिघांना बचत पटली, पण बजेट पुढच्या आर्थिक वर्षात ढकललं. भोसरीचे छोटे शॉपवाले या वहीत जवळजवळ नाहीतच. ते लिंक्डइनवर नसतात, त्यांच्यासाठी भाऊ अजून मोटारसायकलच काढतो.

काल सोमवार होता. रात्री साडेनऊला त्याचा फोन आला, उद्याची पोस्ट वाचून दाखवायला. विषय, सहा बारवर भागतं तिथे सात बार का ठेवता. पहिली ओळ पुन्हा ‘नमस्कार’ने सुरू होत होती.