गमतीत म्हटलं गं

भिशीत चहा ओतता ओतता मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, "तू बरी सुटलीस बाई, आईला तिकडे ठेवून." माझी आई तेव्हा शुश्रूषा केंद्रात होती. तिथे नेण्याआधी घरी किती रात्री जागून काढल्या, हे त्या खोलीत सर्वांत जास्त तिलाच ठाऊक होतं.

रात्री मोबाइलवर मेसेज आला, "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." पुढे हात जोडलेलं चित्र. त्या एका 'तर'ने सगळं फिरवलं. तिचं बोलणं बाजूला राहिलं आणि मला वाईट वाटणं हाच विषय झाला, तोही शंकेचा. दुसऱ्या दिवशी फोनवर, "अगं, गमतीत म्हटलं." म्हणजे मला गंमत कळत नाही. मग, "तू पण किती मनाला लावून घेतेस! माझा तसा हेतू नव्हता." हेतू नव्हता हे खरंही असेल, पण तोवर घाव मान्यच झाला नव्हता, त्यामुळे तो खुलासा मला बचावासारखाच वाटला. शेवटी त्रासून "सॉरी म्हटलं ना आता?" तिथे मी फोन ठेवला.

आठवड्याने ती घरी आली. बसली आणि म्हणाली, "भिशीत सगळ्यांसमोर मी म्हणाले, तू आईला ठेवून सुटलीस. ते खोटं होतं. तू काय केलंस ते मी पाहिलंय, तरी बोलले. आणि मग फोनवर तुलाच दोष दिला." 'पण' आला नाही. आपले तेव्हाचे ताण, सासूचं आजारपण, काहीच मध्ये आणलं नाही. मला रडू आलं तेव्हा ती स्वतः रडायला लागली नाही; नाहीतर मलाच तिची समजूत घालावी लागली असती. "माफ केलंस ना?" असंही तिने विचारलं नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातील रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी 2016 साली माफीच्या सहा घटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चूक आपली आहे हे कबूल करणं सर्वांत महत्त्वाचं ठरलं, त्याखालोखाल नुकसान भरून देण्याची तयारी आणि सर्वांत कमी महत्त्वाची ठरली क्षमेची याचना. मला ते तंतोतंत पटतं. याचना केली की समोरच्यावर लगेच उत्तराचं ओझं येतं.

जाताना तिने एवढंच विचारलं, "बोलले सगळ्यांसमोर, तर चूकही सगळ्यांसमोर सांगू का? की तो विषय पुन्हा निघायला नको?" हे विचारणं मला फार मोलाचं वाटतं. न विचारता सांगितलं असतं, तर माझी आई पुन्हा चारचौघींत चर्चेला आली असती. मी नको म्हटलं. तिने ते पाळलं, आणि पुढे बरेच दिवस मी तुटक बोलत होते तेही काही न बोलता सोसलं.

तेव्हा मैत्रिणीला दुखावलं असेल, तर मेसेज पाठवण्याआधी आपण नेमकं काय बोललो ते वाक्य तिच्यासमोर जसंच्या तसं उच्चारता येतंय का, ते पाहा. येत नसेल तर अजून थांबा.